लॉरेंझ वक्र: दहा घरांचं उत्पन्न, एक आलेख कागद आणि मधलं अंतर

अकरावी-बारावीच्या मुलांना मी अर्थशास्त्र शिकवते. उत्पन्नाची वाटणी किती असमान आहे हे आलेखावर दाखवणाऱ्या लॉरेंझ वक्राचं एक वाक्य बहुतेकांना तोंडपाठ असतं: वक्र समानतेच्या रेषेपासून जितका दूर, तितकी विषमता जास्त. वाक्य बरोबर आहे. पण "दूर म्हणजे कुठे दूर? डावीकडे, मध्ये की उजव्या टोकाला?" असं विचारलं की वर्ग गप्प होतो. त्या अंतराला प्रत्येक ठिकाणी काही अर्थ असतो, तो रुपयांत सांगता येतो, आणि अंतर सर्वांत रुंद कुठे होतं यालाही कारण असतं. ते कळलं की आकृती पाठ करावी लागत नाही. म्हणून इथे आपण एक वक्र अगदी पहिल्या ठिपक्यापासून काढू.

साहित्य थोडंच लागतं. अप्पा बळवंत चौकात कुठेही मिळणारा मिलिमीटरच्या चौकटींचा आलेख कागद, टोक केलेली पेन्सिल आणि पट्टी. संगणकावर कसं करायचं तेही पुढे सांगते, पण पहिला वक्र हाताने काढा. अंतर बोटाखाली मोजल्यावर जे लक्षात येतं ते पडद्यावर पाहून येत नाही.

दहा घरं

पर्वतीच्या पायथ्याशी एक गल्ली आहे असं धरा. एका बाजूला चाळीच्या खोल्या, दुसऱ्या बाजूला दोन-तीन इमारती, आणि सगळी मिळून दहा घरं. घरं आणि आकडे मी हिशोब सोपा व्हावा म्हणून कल्पिलेले आहेत, पण पुण्यात राहणाऱ्याला अशी गल्ली ओळखीची वाटेल. महिन्याचं उत्पन्न कमीत कमीपासून जास्तीत जास्तीपर्यंत असं लावलं आहे:

| घर | महिन्याचं उत्पन्न (रु.) | इथपर्यंतची बेरीज (रु.) | घरांचा संचयी वाटा | उत्पन्नाचा संचयी वाटा |
|---|---|---|---|---|
| गजरे विकणाऱ्या आजी | ८,००० | ८,००० | १०% | २% |
| धुणंभांडी करणाऱ्या मावशी | १२,००० | २०,००० | २०% | ५% |
| वॉचमन | १४,००० | ३४,००० | ३०% | ८.५% |
| रिक्षाचालक | १८,००० | ५२,००० | ४०% | १३% |
| कापड दुकानातला सेल्समन | २२,००० | ७४,००० | ५०% | १८.५% |
| वायरमन | २६,००० | १,००,००० | ६०% | २५% |
| जेवणाचे डबे देणारं जोडपं | ३२,००० | १,३२,००० | ७०% | ३३% |
| शाळेतल्या शिक्षिका | ४८,००० | १,८०,००० | ८०% | ४५% |
| बँकेतले अधिकारी | ८०,००० | २,६०,००० | ९०% | ६५% |
| हिंजवडीला जाणारं आयटीतलं जोडपं | १,४०,००० | ४,००,००० | १००% | १००% |

गल्लीचं एकूण उत्पन्न ४ लाख आणि घरं दहा, म्हणजे सरासरी ४०,००० रुपये. हा सरासरीचा आकडा बाजूला लिहून ठेवा, पुढे त्याचं मोठं काम आहे.

'संचयी' हा शब्द मुलांना अवघड वाटतो, पण त्यात फक्त बेरीज पुढे नेत जाणं आहे. किराणा दुकानदार उधारीच्या वहीत मागची बाकी पुढच्या पानावर ओढतो, तसं. पहिल्या घराचे ८,०००. दुसऱ्या ओळीत मावशींचे १२,००० मिळवून २०,०००. तिसऱ्या ओळीत वॉचमनचे १४,००० मिळवून ३४,०००. प्रत्येक बेरजेला ४ लाखांनी भागलं की शेवटचा रकाना तयार होतो. ३४,००० भागिले ४,००,००० म्हणजे ८.५ टक्के. याचं वाचन असं करायचं: या गल्लीतल्या सर्वांत गरीब ३० टक्के घरांकडे मिळून गल्लीच्या उत्पन्नाचा ८.५ टक्के हिस्सा येतो. प्रत्येक ओळ अशी मोठ्याने वाचून पाहा. वाचता आली नाही, तर पुढचा आलेख नुसतं चित्र राहील.

कागदावर

आलेख कागदावर १० सेंटिमीटर बाजूचा चौकोन आखा. आडव्या बाजूवर घरांचा संचयी वाटा, उभ्या बाजूवर उत्पन्नाचा. १ सेंटिमीटर म्हणजे १० टक्के, आणि १ मिलिमीटर म्हणजे १ टक्का. हे प्रमाण मुद्दाम घेतलं आहे, कारण पुढे पट्टीने मोजलेलं अंतर थेट टक्क्यांत वाचता येईल.

आधी समानतेची रेषा काढा: खालच्या डाव्या कोपऱ्यापासून वरच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत सरळ कर्ण. दहाही घरांना ४०,०००च मिळाले असते तर पहिल्या १० टक्के घरांकडे १० टक्के उत्पन्न असतं, ३० टक्के घरांकडे ३० टक्के, ७० टक्के घरांकडे ७० टक्के. म्हणजे प्रत्येक ठिपका याच कर्णावर पडला असता. ही रेषा म्हणजे आपली मोजपट्टी. अशी गल्ली खरोखर कुठे असते असा तिचा दावा नाही. 'सगळं सारखं असतं तर' या प्रश्नाचं उत्तर ती प्रत्येक ठिकाणी तयार ठेवते, एवढंच तिचं काम.

आता ठिपके द्या. पहिला ठिपका शून्यावर. तो देणं फार जण विसरतात आणि मग वक्र हवेतच सुरू होतो. शून्य टक्के घरांकडे शून्य टक्के उत्पन्न, म्हणून सुरुवात कोपऱ्यातूनच. मग १० वर २, २० वर ५, ३० वर ८.५, असं करत ९० वर ६५ आणि १०० वर १००. ठिपके पट्टीने जोडा. कर्णाखाली झोळीसारखी लोंबणारी रेषा दिसेल: सुरुवातीला जवळजवळ जमिनीला टेकलेली, शेवटी एकदम उभी चढणारी. हाच लॉरेंझ वक्र. मॅक्स लॉरेंझ या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने संपत्ती किती एकवटली आहे हे मोजायला १९०५ मध्ये ही पद्धत मांडली. आज ती संपत्ती, उत्पन्न, जमीन, खर्च, कशासाठीही वापरतात.

अंतर एकेका घराने कसं वाढतं

पट्टी उभी धरा आणि १० टक्क्यांच्या जागी कर्ण ते वक्र मोजा. ८ मिलिमीटर. हे कुठून आले? आजींचं घर हे गल्लीतल्या घरांपैकी १० टक्के, पण त्यांच्याबरोबर उत्पन्न आलं फक्त २ टक्के. ८ टक्के कमी पडले.

पुढे सरका. मावशींचं घर आणखी १० टक्के घरं घेऊन आलं, पण उत्पन्न ३ टक्के. इथे ७ कमी पडले, मागचे ८ आहेतच, म्हणून २० टक्क्यांवर अंतर १५. वॉचमनच्या घराचे ३.५ टक्के, म्हणजे ६.५ची तूट, अंतर २१.५. रिक्षाचालकाकडे ५.५ची तूट, अंतर २७. सेल्समनकडे ४.५ची, अंतर ३१.५. वायरमनकडे ३.५ची, अंतर ३५. डबे देणाऱ्या जोडप्याकडे केवळ २ची, अंतर ३७.

अंतर वाढतं आहे, पण दर घराला कमी-कमीने. ८, ७, ६.५, ५.५, ४.५, ३.५, २. प्रत्येक घर सरासरीच्या जवळ येत चाललं आहे. आता आठवं घर. शिक्षिकेचे ४८,००० म्हणजे १२ टक्के. इथे तूट नाही, उलट २ची भर आहे. म्हणून ८० टक्क्यांवर अंतर ३७ वरून ३५ वर उतरतं. बँक अधिकाऱ्याचे २० टक्के, १०ची भर, अंतर २५. शेवटच्या घराचे ३५ टक्के, २५ची भर, आणि अंतर शून्य.

अंतर कुठपर्यंत वाढलं? जोपर्यंत सरासरीपेक्षा कमी मिळवणारी घरं येत होती तोपर्यंत. पहिलं सरासरीवरचं घर आलं तिथे ते आटायला लागलं. म्हणजे अंतराची सर्वांत रुंद जागा ही गल्लीतली सरासरीची सीमा आहे: तिच्या डावीकडे ४०,०००च्या खालची सात घरं, उजवीकडे वरची तीन. भूमितीत सांगायचं तर त्या जागी वक्राचा चढ कर्णाच्या चढाइतका होतो. त्याआधी वक्र कर्णापेक्षा मंद चढतो, त्यानंतर वेगाने.

त्या ३७ टक्क्यांचा अर्थ रुपयांतही तपासता येतो. ४ लाखांचे ३७ टक्के म्हणजे १,४८,००० रुपये. आता सरासरीवरच्या तीन घरांचं सरासरीहून जास्त असलेलं उत्पन्न मोजा. शिक्षिकेचे ८,०००, अधिकाऱ्याचे ४०,०००, आयटीतल्या जोडप्याचे १,००,०००. बेरीज १,४८,०००. सगळ्यांना सारखं करायचं ठरवलं, तर एवढेच पैसे वरच्या तीन घरांतून उचलून खालच्या सात घरांत वाटावे लागतील. वर्गात हा हिशोब जुळला की मुलं स्वतःहून पट्टी घेऊन पुन्हा मोजतात. या सर्वांत मोठ्या उभ्या अंतराला हूवर निर्देशांक म्हणतात.

अंतराचं क्षेत्रफळ आणि गिनी

एका जागेचं अंतर एका जागेपुरतं सांगतं. पूर्ण झोळी किती मोठी आहे हे सांगायला क्षेत्रफळ लागतं. आपल्या कागदावर कर्णाखालचा त्रिकोण ५० चौरस सेंटिमीटरचा आहे. त्यातला किती भाग कर्ण आणि वक्र यांच्या मध्ये येतो, हे गुणोत्तर म्हणजे गिनी गुणांक. इटलीचे कोराडो गिनी यांच्या नावाने तो ओळखला जातो.

चौकटी मोजत बसायची गरज नाही. आपण मोजलेली नऊ अंतरं सेंटिमीटरमध्ये लिहा आणि बेरीज करा:

०.८ + १.५ + २.१५ + २.७ + ३.१५ + ३.५ + ३.७ + ३.५ + २.५ = २३.५

झोळीचं क्षेत्रफळ २३.५ चौरस सेंटिमीटर. नुसत्या लांब्यांच्या बेरजेतून क्षेत्रफळ कसं आलं? प्रत्येक पट्टा १ सेंटिमीटर रुंद आहे आणि त्याची उंची म्हणजे त्याच्या दोन कडांची सरासरी. आतली प्रत्येक कड दोन शेजारी पट्ट्यांत निम्मी-निम्मी मोजली जाते, म्हणून पूर्ण एकदा येते, आणि दोन्ही टोकांची अंतरं शून्य आहेत. २३.५ भागिले ५० म्हणजे ०.४७. गल्लीचा गिनी ०.४७.

हा हिशोब घरं समान टप्प्यांत असली तरच इतका सोपा राहतो. शिवाय घरं दहाच असतील तर सगळं उत्पन्न एकाच घरात गेलं तरी गिनी ०.९ वर थांबतो, १ होत नाही. शहराच्या हजारो घरांत हा फरक जाणवत नाही, छोट्या गटात लक्षात ठेवावा.

संगणकावर

स्प्रेडशीटमध्ये पहिली ओळ शीर्षकांना द्या. दुसऱ्या ओळीत `A2` आणि `C2` मध्ये शून्य भरा, `B2` रिकामं ठेवा. `B3` ते `B12` मध्ये चढत्या क्रमाने उत्पन्न भरा. तिसऱ्या ओळीत ही सूत्रं लिहून बाराव्या ओळीपर्यंत ओढा:

```
A3:  =ROWS(B$3:B3)/10
C3:  =SUM(B$3:B3)/SUM(B$3:B$12)
D3:  =A3-C3
```

`D` रकान्यात प्रत्येक ठिकाणचं अंतर येतं. सर्वांत मोठं अंतर आणि गिनी असे काढा:

```
=MAX(D2:D12)
=1-SUMPRODUCT((A3:A12-A2:A11)*(C3:C12+C2:C11))
```

पहिल्याचं उत्तर 0.37 आणि दुसऱ्याचं 0.47 आलं पाहिजे. गिनीचं हे सूत्र असमान टप्प्यांनाही चालतं.

आलेख काढताना साधा लाइन चार्ट निवडू नका, स्कॅटर चार्ट निवडा. लाइन चार्ट आडव्या अक्षावरचे सगळे ठिपके सारख्या अंतरावर मांडतो. आपल्या दहा घरांत चूक दिसणार नाही, पण सरकारी तक्त्यांत दिसेल. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या खर्चाच्या तक्त्यांत लोकसंख्येचे बारा गट असतात: खालचे दोन ५-५ टक्क्यांचे, मधले आठ १०-१० टक्क्यांचे, वरचे दोन पुन्हा ५-५ टक्क्यांचे. ते सारख्या अंतरावर मांडले की दोन्ही टोकं ताणली जातात, वक्राचा आकार बिघडतो आणि कर्णही सरळ राहत नाही. कर्ण वाकडा दिसला की समजायचं, चार्टचा प्रकार चुकला.

कुठे चुकतं

मागच्या वर्षी एका मुलीचा वक्र कर्णाच्या वर गेला. तिने आकडेमोड चार वेळा तपासली, बेरजा सगळ्या बरोबर. तिची यादी उतरत्या क्रमाने होती. सर्वांत श्रीमंत घर आधी घेतलं की १० टक्के घरांकडे ३५ टक्के उत्पन्न येतं, ठिपका कर्णाच्या वर पडतो आणि सूत्राने गिनी उणे ०.४७ येतो. क्रम पूर्ण उलटा असेल तर चूक लगेच उघडी पडते. यादी अर्धवट लावलेली असेल तर वक्र खालीच राहतो, गिनीही बरा दिसतो, पण प्रत्यक्षापेक्षा कमी निघतो. ते ओळखायची खूण अशी: बरोबर काढलेल्या वक्राचा चढ डावीकडून उजवीकडे जाताना कधीच मंदावत नाही. प्रत्येक तुकडा आधीच्या तुकड्याइतका किंवा त्याहून उभा हवा. मध्येच एखादा तुकडा आडवा झाला तर तिथलं घर चुकीच्या जागी बसलं आहे.

दुसरी गोष्ट चूक म्हणण्यापेक्षा निवड आहे, पण ती न सांगता केली की चूक ठरते. आपण घरं मोजली, माणसं नाही. मावशी एकट्या राहतात. त्यांचे १२,००० त्यांच्या एकटीचे. रिक्षाचालकाच्या घरात सहा माणसं, १८,००० म्हणजे माणशी ३,०००. घराच्या यादीत मावशी दुसऱ्या आणि रिक्षावाल्याचं घर चौथं होतं, पण माणशी उत्पन्न धरलं तर हा क्रम उलटतो. मग आडव्या अक्षावर माणसांचा वाटा घ्यावा लागतो. गल्लीत ४० माणसं असतील तर मावशींच्या वाट्याला अडीच टक्के येतात आणि रिक्षावाल्याच्या घराला १५ टक्के. टप्पे असमान होतात, म्हणून लांब्यांची साधी बेरीज चालत नाही, वरचं सूत्र वापरायचं. मला विचाराल तर लोकांच्या जगण्याबद्दल बोलायचं असेल तेव्हा माणशी हिशोबच धरावा. सहा जणांच्या ताटाला आणि एकीच्या ताटाला एकच वजन देणं मला पटत नाही.

तिसरी अडचण सगळ्यांत मोठी, आणि ती आलेखात दिसतच नाही. पाहणी करणाऱ्याला एखादं दार उघडलंच नाही तर? आपल्या गल्लीत शेवटच्या घरातलं जोडपं सकाळी आठला बसने निघतं, रात्री उशिरा येतं, आणि भेटलं तरी उत्पन्न सांगायला नको म्हणतं. ते घर यादीतून गळालं. आता नऊ घरं, एकूण २,६०,०००. पुन्हा हिशोब करा: गिनी ०.४७ वरून ०.३८ च्या आसपास उतरतो. गल्लीत काहीही बदललं नाही, फक्त एक दार बंद राहिलं. हेच सर्वांत गरीब घराच्या बाबतीत झालं असतं तर फरक त्या मानाने बराच कमी पडला असता, कारण त्या घराचा उत्पन्नातला वाटा २ टक्केच आहे. म्हणून कुठल्याही पाहणीचा वक्र वाचताना वरचं टोक किती भरवशाचं आहे, हा प्रश्न आधी विचारायचा.

गट पाडल्यानेही थोडं असंच होतं. दहा घरांच्या ऐवजी दोन-दोन घरांचे पाच गट केले तर ठिपके ५, १३, २५, ४५, १०० असे पडतात. शेवटचा तुकडा ८० ते १०० सरळ जोडला जातो. बँक अधिकारी आणि आयटीतलं जोडपं यांच्यातला ६०,०००चा फरक त्या सरळ रेषेत बुडतो. गिनी ०.४५ येतो. गट जितके मोठे, तितकी आतली विषमता झाकली जाते. म्हणून गटांवरून काढलेल्या आकड्याची तुलना घराघरावरून काढलेल्या आकड्याशी करू नये.

पगारवाढ झाली तर वक्र हलतो का?

हा प्रश्न मी परीक्षेआधी नेहमी विचारते. सगळ्या घरांचं उत्पन्न १० टक्के वाढलं. आजींना ८०० रुपये जास्त, शेवटच्या जोडप्याला १४,००० जास्त. वक्र? जागचा हलत नाही. सगळे वाटे तेच, कारण वरची आणि खालची संख्या एकाच पटीत वाढली. मुलांना हे अन्याय्य वाटतं, आणि त्यांच्या वाटण्यात तथ्य आहे: रुपयांतली दरी ८,००० ते १,४०,००० ची होती, ती आता ८,८०० ते १,५४,००० ची झाली. पण लॉरेंझ वक्र वाटे मोजतो, रुपये नाही.

आता प्रत्येक घराला सरसकट ५,००० द्या. एकूण ४,५०,००० होतात, आजींचा वाटा २ वरून जवळपास २.९ टक्क्यांवर जातो आणि वक्र कर्णाकडे उचलला जातो. सर्वांत रुंद अंतर ३७ वरून सुमारे ३३ वर येतं, गिनी ०.४२ होतो. इथे एक गंमत तपासून पाहा: नव्या ४५,००० सरासरीवरचं जास्तीचं उत्पन्न मोजलं तर ते अजूनही १,४८,०००च आहे. रुपयांतला फरक तसाच राहिला, तो ज्या बेरजेचा भाग आहे ती बेरीज मोठी झाली. वक्र वर आला तो यामुळे.

एक गिनी, दोन गल्ल्या

आता जवळचीच दुसरी गल्ली घ्या. तिथेही दहा घरं आणि एकूण ४ लाखच. पण नऊ घरांना प्रत्येकी १९,००० आणि एका बंगल्याला २,२९,०००. गिनी काढा: ०.४७. दोन दशांशांपर्यंत पहिल्या गल्लीइतकाच.

दोन्ही वक्र एकाच कागदावर वेगवेगळ्या रंगांत काढा. दुसऱ्या गल्लीचा वक्र शून्यापासून ९० टक्क्यांपर्यंत सरळ रेषा आहे, कारण नऊ घरं सारखी आहेत. ९० वर तो ४२.७५ ला पोचतो आणि तिथून भिंतीसारखा उभा चढतो. पहिल्या गल्लीचा वक्र सुरुवातीला याच्या खाली असतो, मग ७० आणि ८० टक्क्यांच्या मध्ये दोघं एकमेकांना छेदतात आणि पुढे पहिला वर जातो.

खालच्या टोकाला पाहा. पहिल्या गल्लीत सर्वांत गरीब घराला २ टक्के मिळतात, दुसरीत ४.७५ टक्के. आजींच्या जागी उभं राहिलं तर दुसरी गल्ली बरी. वरच्या टोकाला पहिल्या गल्लीत एका घराकडे ३५ टक्के, दुसरीत ५७ टक्क्यांहून जास्त. शिक्षिकेच्या जागी उभं राहिलं तर पहिलीच बरी, दुसरीत तिला १९,००० वर यावं लागेल. सर्वांत रुंद अंतरही वेगळं: पहिल्या गल्लीत ३७, ७० टक्क्यांवर. दुसरीत ४७.२५, ९० टक्क्यांवर. अंतराची जागाच उजवीकडे सरकली, म्हणजे एक घर विरुद्ध बाकी सगळे.

दोन वक्र एकमेकांना छेदत नसतील आणि एक सगळीकडे कर्णाच्या जास्त जवळ असेल, तर तिथे विषमता कमी आहे असं निःशंक म्हणता येतं. छेदत असतील तर कुठल्या गल्लीत विषमता जास्त हे आलेख ठरवत नाही. तळातल्या माणसाच्या तुटीला जास्त वजन द्यायचं की माथ्यावरच्या साठ्याला, ते आपल्याला ठरवून सांगावं लागतं. गिनी हे वजन गुपचूप स्वतःच ठरवतो. म्हणून मी मुलांना सांगते, आकडा लिहिण्याआधी दोन्ही वक्र काढा.

खऱ्या आकड्यांकडे जाताना

भारताचा वक्र काढायला बसलात तर पहिली अडचण उत्पन्नाच्या आकड्यांचीच येते. धुणंभांडी, रिक्षा, गजरे, डबे या कामांत महिन्याचं उत्पन्न नेमकं सांगता येत नाही. गणपतीच्या दिवसांत गजरेवाल्या आजींचं एका आठवड्याचं उत्पन्न एरवीच्या महिन्याइतकं होऊ शकतं. म्हणून आपल्याकडच्या मोठ्या पाहण्या उत्पन्नापेक्षा घराचा खर्च विचारत आल्या आहेत. पुण्यातल्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये देशातल्या दारिद्र्याचा जो अभ्यास मांडला, तोही उपभोग खर्चाच्या आकड्यांवरच होता.

२०२३-२४च्या घरगुती उपभोग खर्च पाहणीत गिनी ग्रामीण भागात ०.२३७ आणि शहरी भागात ०.२८४ आला. त्याआधीच्या वर्षी हेच आकडे ०.२६६ आणि ०.३१४ होते. आपल्या गल्लीच्या ०.४७ शेजारी हे आकडे ठेवायचा मोह होतो, पण ते माणशी खर्चाचे आहेत आणि आपला आकडा घरटी उत्पन्नाचा.

खर्चाचा वक्र उत्पन्नाच्या वक्रापेक्षा कर्णाच्या जवळ का राहतो, ते याच गल्लीत दिसतं. आजींचे ८,००० महिनाअखेरीस संपतात, आणि एखाद्या महिन्यात औषधं आली की उसनवारीने खर्च ९,००० होतो. शेवटच्या घरातले १,४०,००० सगळे खर्च होत नाहीत, समजा ७०,००० खर्च झाले आणि उरलेले गृहकर्जाची मुद्दल फेडण्यात, फंडात आणि सोन्यात गेले. तळाचा आकडा वाढला, माथ्याचा निम्मा झाला. `B3` मध्ये ८,००० च्या जागी ९,००० आणि `B12` मध्ये १,४०,००० च्या जागी ७०,००० भरा. शेवटचं घर आता ८०,०००वाल्याच्या खाली गेलं, म्हणून यादी पुन्हा चढत्या क्रमाने लावा, आणि `D` रकान्यातली अंतरं आकसलेली पाहा.